कंपोझिशन की रेग्युलर : ३१ मार्चच्या आत मांडायचा हिशेब

फेब्रुवारी संपत आला की लहान दुकानदारांकडून एकच प्रश्न येतो : कंपोझिशनमध्ये जाऊ का? विचारण्याआधीच अर्धा निर्णय झालेला असतो. एक टक्का कर, तीन महिन्यांतून एकदा भरणा, महिन्याच्या कटकटीतून सुटका. समोर अठरा टक्के दिसत असताना एक टक्का कोणाला नको? पण ही तुलनाच चुकीची आहे. रेग्युलर दुकानदार खरेदीवर भरलेल्या कराचा सेट-ऑफ घेतो, म्हणून त्याच्या खिशातून जाणारा कर त्याच्या फरकावरच बसतो. कंपोझिशनवाल्याचा एक टक्का पूर्ण विक्रीवर बसतो आणि खरेदीवरचा कर त्याला परत मिळत नाही. कोणता बोजा हलका, हे दुकानात सुटणारा नफा आणि गिऱ्हाईक ठरवतं. हा हिशेब कसा मांडायचा ते एका हार्डवेअरच्या दुकानावरून पाहू. दुकान गडहिंग्लजचं धरू, कारण तिथून कर्नाटकाची हद्द जवळ आहे आणि कंपोझिशनमधली एक मोठी अडचण त्या हद्दीवरच उभी राहते. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. तुमचे आकडे घालून तुम्ही हाच हिशेब करायचा आहे.

आधी दार उघडं आहे का ते पाहा

मागच्या आर्थिक वर्षातली तुमच्या पॅनवरची सगळी उलाढाल दीड कोटीच्या आत हवी. ईशान्येकडची काही राज्यं आणि उत्तराखंड इथे ही मर्यादा ७५ लाख आहे. महाराष्ट्र आणि गोव्यात दीड कोटीच. मर्यादा मोजताना करमाफ मालाची विक्रीही धरायची, पण व्यापाऱ्याचा एक टक्का फक्त करपात्र विक्रीवर बसतो. एकाच पॅनवर दोन धंदे असतील तर दोन्ही कंपोझिशनमध्ये न्यावे लागतात. एक आत, एक बाहेर असं चालत नाही. भावाचा पॅन वेगळा असेल तर त्याचा धंदा वेगळा मोजला जातो.

फक्त मालाचा व्यापार करणाऱ्याची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल राज्याबाहेर जात नसेल, तर सहसा नोंदणीचीच सक्ती नसते. अशा दुकानदाराने एक टक्का तरी का भरावा, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

दुसरी अट जास्त महत्त्वाची : परराज्यात विक्री करायची नाही. खरेदी कुठूनही करा. सुरतेहून, दिल्लीहून माल मागवायला हरकत नाही. पण गडहिंग्लजहून संकेश्वरच्या गिऱ्हाइकाला टेम्पोने पाइप पाठवले की ती आंतरराज्य विक्री झाली आणि कंपोझिशनचा हक्क गेला. काउंटरवरच्या विक्रीतही एक बारीक गोष्ट आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात असं आलं आहे की नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलावर लिहिला, तर त्या पत्त्याचं राज्य हेच विक्रीचं ठिकाण धरलं जातं. पत्ता नसेल तर दुकानाचं ठिकाण धरतात. म्हणजे निपाणीच्या माणसाने स्वतः येऊन रंगाचा डबा नेला आणि पोराने बिलावर ‘निपाणी, कर्नाटक’ लिहिलं, तर कागदावर ती आंतरराज्य विक्री ठरते. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तोच अर्थ होतो. हद्दीवरच्या दुकानात परराज्यातलं गिऱ्हाईक नियमित येत असेल, तर मला विचाराल तर कंपोझिशनचा विचार इथेच थांबवावा. रोजच्या शेकडो बिलांवर इतकी नजर कोणीही ठेवू शकत नाही.

मग मागच्या वर्षाचे आकडे काढा

वर्षभराची करासह विक्री, करासह खरेदी, खर्चावर भरलेला जीएसटी आणि नोंदणीकृत गिऱ्हाइकांना गेलेली विक्री, एवढे आकडे लागतात. पहिले तीन वहीतून मिळतात. चौथा तुमच्या GSTR-1 मध्ये आहे, कारण जीएसटी नंबर असलेल्या गिऱ्हाइकाचं प्रत्येक बिल तिथे वेगळं दाखवलेलं असतं.

आपल्या दुकानाचे आकडे असे धरू. खरेदी ६० लाख आणि त्यावर अठरा टक्क्यांनी १० लाख ८० हजार कर, म्हणजे करासह ७० लाख ८० हजार. विक्री ७० लाख, त्यावर कर १२ लाख ६० हजार, करासह ८२ लाख ६० हजार. रंग, कुलपं, पीव्हीसी पाइप, खिळे, बिजागऱ्या यांना सगळ्यांना अठरा टक्केच लागतात, म्हणून हिशेब सोपा आहे. वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा शिल्लक माल सारखाच धरला आहे.

फरकाची कसोटी

रेग्युलरमध्ये या दुकानाने १२ लाख ६० हजारांतून १० लाख ८० हजारांचा सेट-ऑफ घेऊन १ लाख ८० हजार भरले. हेच दुसऱ्या बाजूने पाहा. करासह विक्री आणि करासह खरेदी यांतला फरक ११ लाख ८० हजार. त्याला अठराने गुणून एकशे अठराने भागलं की तेच १ लाख ८० हजार येतात. म्हणजे अठरा टक्क्यांच्या मालात दुकानात सुटणाऱ्या दर शंभर रुपयांतले सव्वापंधरा रुपये सरकारला जातात.

कंपोझिशनमध्ये ८२ लाख ६० हजारांवर एक टक्का, म्हणजे ८२ हजार ६०० रुपये. गिऱ्हाईक तीच किंमत मोजणार असेल तर दुकानाचे ९७ हजार ४०० रुपये वाचतात.

यातून एक कसोटी हाती लागते. अठरा टक्क्यांच्या मालात, करासह विक्रीच्या साधारण साडेसहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक सुटत असेल तर कंपोझिशन हलकं पडतं, कमी सुटत असेल तर रेग्युलर. आपल्या दुकानाला चौदा टक्क्यांहून थोडं जास्त सुटतं, म्हणून फायदा दिसला. पाच टक्क्यांच्या मालात ही रेघ एकवीस टक्क्यांवर जाते, कारण तिथे रेग्युलर दुकानदाराच्या फरकातले शंभराला पावणेपाच रुपयेच कर म्हणून जातात. स्वस्त तयार कपडे विकणाऱ्याने शेजारच्या हार्डवेअरवाल्याचं पाहून कंपोझिशन घेऊ नये, याचं कारण एवढंच.

एकाच दुकानातही मालागणिक उत्तर बदलतं. सिमेंटचं पोतं करासह ३५० ला आणलं आणि ३६० ला विकलं असं समजा. दहा रुपयांच्या फरकावर रेग्युलरमध्ये दीड रुपया कर जातो. कंपोझिशनमध्ये मात्र तीन रुपये साठ पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा दर अठ्ठावीसवरून अठरावर आला, तरी पोत्यामागे सुटणारे पैसे थोडेच असतात. ज्याच्या विक्रीत सिमेंट आणि लोखंड जास्त आहे त्याने सगळ्या मालाची सरासरी काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वाचलेल्या रकमेतून काय वजा होतं

९७ हजार ४०० ही रक्कम हातात राहत नाही. हिशेबनिसाची फी, फोन, संगणकाची दुरुस्ती, बँकेचे आकार अशा खर्चांवर जीएसटी लागतो आणि रेग्युलर दुकानदार त्याचाही सेट-ऑफ घेतो. असा एक लाखाचा खर्च धरला तर १८ हजार गेले. मालवाहतूक ट्रान्स्पोर्ट कंपनीची असेल आणि तिने स्वतः कर लावलेला नसेल, तर भाड्यावर पाच टक्के रिव्हर्स चार्जने दुकानदाराला भरावे लागतात. ते कंपोझिशनवाल्यालाही चुकत नाहीत, आणि सेट-ऑफ नसल्याने त्याच्यासाठी तो सरळ खर्च होतो. लाखभर भाड्यावर ५ हजार गेले. उरले ७४ हजार ४००.

जागेच्या भाड्यात मात्र कंपोझिशनवाल्याला सवलत आहे. गाळ्याच्या मालकाकडे जीएसटी नोंदणी नसेल तर रेग्युलर दुकानदाराला भाड्यावर अठरा टक्के रोखीने भरून मग सेट-ऑफ घ्यावा लागतो. कंपोझिशनवाल्याला त्यातून वगळलं आहे. मालक नोंदणीकृत असेल आणि भाड्यावर कर लावत असेल, तर तो सगळा कर तुमच्या खर्चात जातो. आपल्या दुकानाचा मालक नोंदणी नसलेला धरला आहे.

दुसऱ्या बाजूलाही एक गळती असते, तीही मोजा. रेग्युलरमधला सेट-ऑफ खरेदीचं बिल हातात आहे म्हणून मिळत नाही. विकणाऱ्याने ते बिल त्याच्या विवरणात दाखवलं पाहिजे आणि ते तुमच्या GSTR-2B मध्ये उतरलं पाहिजे. मागच्या वर्षीच्या वहीतला खरेदीचा कर आणि 2B मधला कर शेजारी ठेवा. दरवर्षी वीस-पंचवीस हजारांचं क्रेडिट कोल्हापूरच्या एखाद्या ठोक व्यापाऱ्याच्या आळसामुळे बुडत असेल, तर ती रक्कम कंपोझिशनच्या बाजूला मांडा. त्याआधी तो ठोक व्यापारी बदलता येतो का, तेही पाहा.

गिऱ्हाइकांची यादी

निर्णय खरा इथे होतो, आणि हीच पायरी बहुतेक जण गाळतात. कंपोझिशनवाला बिलावर कर लावू शकत नाही, त्यामुळे त्याच्या बिलावर पुढच्या माणसाला सेट-ऑफ मिळत नाही. घर बांधणारा शिक्षक, शेतकरी, रोजंदारीवरचा प्लंबर यांना फरक पडत नाही. पण “अण्णा, नंबर टाकून पक्कं बिल द्या” असं म्हणणारा ठेकेदार ११८ रुपयांचा माल घेऊन त्यातले १८ सेट-ऑफ करतो. त्याला तो माल १०० ला पडतो. तुम्ही कंपोझिशनमध्ये गेलात की त्याला तोच माल ११८ ला पडेल.

मग त्याला १०० ला द्यावा का? आपल्या दुकानाच्या आकड्यांत ११८ ला विकला जाणारा माल करासह १०१ रुपये १४ पैशांना आलेला आहे. १०० ला दिला तर खरेदीच्याही खाली जातो, आणि वर एक रुपया कर. म्हणजे हे गिऱ्हाईक टिकवता येणार नाही, ते जाईलच असं धरून हिशेब करायचा. कंपोझिशनमध्ये लाखाच्या विक्रीमागे या दुकानाला सुमारे १३ हजार ३०० रुपये सुटतात. ७४ हजार ४०० चा फायदा पुसून टाकायला साडेपाच लाखांच्या आसपास विक्री गेली तरी पुरे. ती एकूण विक्रीच्या सात टक्क्यांपर्यंतही पोचत नाही. दोन मध्यम ठेकेदार तेवढा माल सहज उचलतात.

यादी करताना जीएसटी नंबर दिसला की ते नाव लगेच ‘जाणार’ या रकान्यात टाकू नका. फ्लॅटच्या विक्रीवर एक किंवा पाच टक्क्यांनी कर भरणाऱ्या बिल्डरला त्या कामातल्या मालाचा सेट-ऑफ मिळतच नाही. स्वतः कंपोझिशनमध्ये असलेल्यालाही नाही. शाळा, दवाखाने यांच्याकडे नंबर असला तरी क्रेडिटचा उपयोग बहुधा नसतो. प्रत्येकाला सरळ विचारा : तुम्ही क्रेडिट घेता का? ‘हो’ म्हणणाऱ्यांची वर्षाची खरेदी बेरजेला धरा. आपल्या दुकानात ती बेरीज तीन लाख निघाली तर कंपोझिशन घ्यावं. दहा लाख निघाली तर रेग्युलर राहावं, मग महिन्याची विवरणं कितीही जड वाटोत. उलाढाल पाच कोटींच्या आत असलेल्यांना विवरणं तिमाहीने भरण्याची सोयही आहे.

आत जाण्याची कृती

नवीन नोंदणी करणाऱ्याने अर्जातच कंपोझिशनचा पर्याय निवडायचा. आधीच रेग्युलर असलेल्याला वर्ष सुरू होण्याआधी, म्हणजे ३१ मार्चपर्यंत CMP-02 भरावा लागतो. पोर्टलवर Services मध्ये Registration आणि त्याखाली Application to Opt for Composition Levy. तारीख चुकली की पुढचं पूर्ण वर्ष थांबावं लागतं.

१ एप्रिलला दुकानात जो माल शिल्लक आहे त्यावर घेतलेलं क्रेडिट परत करायचं असतं. त्यासाठी ३१ मार्चच्या रात्री मोजणी करा आणि प्रत्येक मालाचं खरेदीचं बिल शोधून ठेवा. ITC-03 भरायला ६० दिवस मिळतात, पण तोवर माल हलतो आणि मोजणी जमत नाही. बिल सापडलं नाही तर बाजारभावाने अंदाज करावा लागतो आणि त्यावर सीएचा दाखला लागतो. आपल्या दुकानात करापूर्वी १५ लाखांचा माल शिल्लक असेल तर २ लाख ७० हजार परत करायचे. फर्निचर, संगणक अशा भांडवली वस्तूंचं आयुष्य ६० महिने धरतात. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या वस्तूवर ९ हजारांचं क्रेडिट घेतलं असेल तर उरलेल्या ३६ महिन्यांचे ५ हजार ४०० परत जातात.

ही रक्कम क्रेडिटच्या खात्यातून वळती करता येते, कमी पडली तर रोख भरावी लागते. दोन लाख सत्तर हजार पाहून पुष्कळ जण घाबरतात. शिल्लक मालावरचा हा पैसा बुडत नाही, मालात अडकतो. माल विकला की किमतीतून परत येतो आणि नव्या मालात पुन्हा अडकतो. मात्र तेवढं भांडवल जवळ असायला हवं. कर्ज काढून ते उभं करावं लागणार असेल तर वर्षाचं व्याज ७४ हजारांतून वजा करून पाहा. खरोखर बुडतं ते वळतं करूनही खात्यात उरलेलं क्रेडिट. ते रद्द होतं. म्हणून जायचं ठरलं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठी खरेदी करू नका, साठा उतरवा आणि खात्यातलं क्रेडिट मार्चच्या विक्रीवर वापरून घ्या.

आत गेल्यावर

१ एप्रिलच्या सकाळपासून टॅक्स इन्व्हॉइस बंद, बिल ऑफ सप्लाय सुरू. बिलाच्या माथ्यावर हा मजकूर हवा :

```
composition taxable person, not eligible
to collect tax on supplies
```

दुकानाच्या दर्शनी भागात आणि नोंदवलेल्या प्रत्येक गोदामावर composition taxable person असा फलक हवा. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग बदलायचं राहिलं आणि बिलावर सीजीएसटी, एसजीएसटीच्या ओळी छापून गेल्या, तर तो सगळा कर सरकारजमा करावा लागतो आणि दंडाचा प्रश्न उभा राहतो. पहिलं बिल काढून स्वतः वाचल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नका.

तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत CMP-08 भरून एक टक्का रोखीने भरायचा. त्यात तिमाहीची एकूण विक्री आणि रिव्हर्स चार्जची रक्कम एवढंच असतं. वर्षाचं GSTR-4 हे ३० जूनपर्यंत. त्यातला सहावा तक्ता वर्षाच्या विक्रीचा आहे. ‘कर तर भरलाच आहे’ म्हणून तो रिकामा ठेवला, तर पोर्टल वर्षाचं देणं शून्य धरतं आणि CMP-08 ने भरलेला कर उणे देणं म्हणून दुसऱ्या खात्यात टाकतं. पुढच्या वर्षी ते आपोआप वापरलं जातं, दुकानदार कमी भरतो आणि नंतर नोटीस येते. तक्ता भरल्यावर चारही तिमाहींची बेरीज आणि वर्षाचा कर जुळतो की नाही हे पाहूनच विवरण दाखल करा.

बाहेर पडायचं झालं तर

कंपोझिशनमधून वर्षात केव्हाही बाहेर पडता येतं. उलाढाल दीड कोटी ओलांडली किंवा परराज्यात विक्री झाली, तर त्या दिवसापासून हक्क संपतो आणि सात दिवसांत CMP-04 भरावा लागतो. त्या दिवसापासून प्रत्येक बिलावर पूर्ण कर लागतो, गिऱ्हाइकाकडून घेतला असो वा नसो. डिसेंबरनंतर उलाढाल सव्वा कोटीच्या पुढे असेल तर दर आठवड्याला बेरीज पाहा.

बाहेर पडताना शिल्लक मालावरचं क्रेडिट परत मिळतं. त्यासाठी ३० दिवसांत ITC-01 भरायचा. पण बिल एक वर्षापेक्षा जुनं असेल तर त्या मालावर काही मिळत नाही, आणि मागणी दोन लाखांच्या वर असेल तर सीएचा दाखला लागतो. आपल्या दुकानाचा २ लाख ७० हजारांचा आकडा त्यातच बसतो. दोन वर्षं फडताळात पडलेले रंगाचे न खपलेले डबे आणि जुन्या मापाचे नळ यांच्यावरचा कर मात्र कायमचा गेला. म्हणून कंपोझिशनमध्ये असतानाही खरेदीची पक्की बिलं तारखेवार फाइलला लावत राहा. सेट-ऑफ नाही म्हणून कच्च्या चिठ्ठीवर माल घेण्याची सवय लागली, तर बाहेर पडताना दाखवायला काहीच उरत नाही.

गडहिंग्लजच्या या दुकानापुरता माझा निर्णय असा : क्रेडिट घेणाऱ्या गिऱ्हाइकांची खरेदी साडेपाच लाखांच्या बरीच आत असेल, माल हद्दीपलीकडे जात नसेल आणि मार्चअखेर शिल्लक मालावरचा कर भरायला पैसे हाताशी असतील, तर कंपोझिशन घ्यावं. यातली एक जरी गोष्ट नसेल तर रेग्युलर राहावं. तुमचे आकडे फेब्रुवारीतच काढा. ३१ मार्चला पोर्टलवर गर्दी असते आणि गिऱ्हाइकांना विचारायला वेळ उरत नाही.